चाळीस वाक्यं आणि कटिंग मशीनची मागची पट्टी

"ताई, माझं वय ५४. महाल भागात एका छापखान्यात आहे. आधी अक्षरांचे खिळे जुळवायचो, आता कटिंग मशीनवर असतो. शिक्षण दहावी, मराठी शाळा. मुलाचा २०२५ ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला. हिंगण्याला सहा आठवडे ट्रेनिंगही केलं. बुटीबोरीच्या एका कंपनीला ट्रेनी पाहिजेत असं कॉलेजच्या बोर्डावर लागलं, ईमेल करायचा आहे. आयुष्यातला पहिलाच. तीन आठवडे झाले, मोबाइल उघडतो, काहीतरी लिहितो अन् ठेवून देतो. म्हणून मीच इंग्रजी शिकून राहिलो. अर्जांच्या जुन्या पुस्तकातून, मोबाइलवरच्या व्हिडिओतून वाक्यं काढतो, वहीत मराठी अक्षरांत लिहितो, रात्री पाठ करतो. ४० झाली. परवा त्याला वाचून दाखवली तर म्हणाला, 'बाबा, राहू द्या ना.' पोरगा हाताचा हुशार आहे. आमच्या मशीनची मागची पट्टी गुण्यात नव्हती, पत्रिका तिरक्या कटत होत्या, ती त्यानंच बसवून दिली. पण इंग्रजीत मागे पडतो. घरात सांगणारं कोणी नाही, हा दोष माझाच. वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले आहेत. आणखी कोणती वाक्यं शिकू?"
— एक वडील, नागपूर

भाऊ,

दोन्ही पानांचे फोटो मोठे करून वाचले. प्रत्येक वाक्याखाली तुम्ही बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिला आहे, आणि अर्थ लागला नाही तिथे एक छोटा गोल काढून जागा सोडली आहे. असे अकरा गोल मी मोजले. दिवसभर मशीनवर उभं राहून रात्री हे करणं किती कष्टाचं आहे ते मला कळतं, म्हणून उत्तर सरळच देते. या ईमेलसाठी आणखी एकही वाक्य शिकू नका. ४० मधली तीन-चार ठेवू, बाकीची आजच्यापुरती बाजूला काढू.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं भरतीचं काम पाहिलं. डिप्लोमावाल्या पोरांचे ईमेल आधी माझ्याच टेबलावर यायचे. त्यामुळे तुमच्या वहीतली बरीच वाक्यं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्यातल्या काहींबद्दल सविस्तर सांगते, कारण हीच वाक्यं विदर्भातल्या कितीतरी घरांत पाठ होत असतील.

पहिल्या पानावर सगळ्यात वर आहे, 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट.' त्याखाली तुम्ही लिहिलं आहे, 'मी अत्यंत आदराने सांगतो की.' अर्थ थोडा निसटला आहे. 'बेग' म्हणजे याचना करणं, हात पसरणं. इंग्रजांच्या अमलात कचेरीतल्या साहेबापुढे रयतेनं कागद ठेवायचा तो याच भाषेत. साहेब गेला, पण शाळेतल्या रजेच्या अर्जात ही भाषा राहिली, तिथून ती अर्जांच्या पुस्तकांत आली आणि आता तुमच्या वहीत आली. चुकीचं इंग्रजी नाही हे, पण इथे नको, कारण तुमचा मुलगा काही मागायला चाललेला नाही. कंपनीला माणूस पाहिजे आहे, आणि तो सांगतो आहे की मी आहे. शिवाय हे वाक्य संपेपर्यंत वाचणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. पहिली ओळ गेली आणि कोणतं काम, कोण माणूस, काहीच पत्ता नाही.

दुसरं वाक्य 'आय ॲम हॅविंग डिप्लोमा इन मेकॅनिकल.' ही चूक मी इतक्यांदा पाहिली की तिचं मूळ शोधावंसं वाटायला लागलं. मला वाटतं, आपण नागपूरकर 'शिकून राहिलो, येऊन राहिलो' असं बोलतो, आणि तीच लय इंग्रजीत उतरते. इंग्रजीत मात्र जवळ असणं, माहीत असणं याला ते 'इंग' लागत नाही. 'आय हॅव अ डिप्लोमा' एवढंच. 'मायसेल्फ' करून नाव सांगायचीही गरज नाही, नाव खाली सहीच्या जागी येतंच. आणि 'आय पास्ड आउट इन २०२५' हे आपल्याकडे सगळे समजतात, पण बाहेरच्या इंग्रजीत त्याचा अर्थ शुद्ध हरपली असाही होतो. 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२५' म्हटलं की प्रश्नच मिटला.

तिसरं, तुम्ही दोनदा अधोरेखित केलेलं, 'काइंडली डू द नीडफुल.' जे करायला हवं ते करा. पण काय करा? वाचणाऱ्याला ते ठरवायला लावू नये. मुलाखतीला बोलवावं असं वाटत असेल तर मी कधी येऊ शकतो ते लिहावं. फोन करावा असं वाटत असेल तर नंबर लिहावा. हे वाक्य जिथे जिथे यायचं तिथे बहुतेक वेळा खाली नंबरच नसायचा, तो जोडलेल्या फाइलमध्ये असायचा आणि फाइल जोडायची राहून गेलेली असायची.

चौथं 'थ्रू रिलायबल सोर्सेस आय हॅव कम टू नो', खात्रीलायक सूत्रांकडून समजलं की. तुम्हाला तर कॉलेजच्या बोर्डावरून समजलं! तेच लिहायचं. कंपनीनं चार कॉलेजांत नोटीस लावली असेल, तर कोणत्या नोटिशीवरून माणूस आला हे त्यांना कळायला हवं असतं.

बाकीच्यांत 'रिस्पेक्टेड सर' बद्दल एक सांगते. त्यात अपमान काही नाही, पण सोळा वर्षं मला 'सर' म्हणून पत्रं आली आणि टेबलावर मी बसले होते. बाई आहे की पुरुष हे माहीत नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' लिहावं. आणि शेवटी 'युअर्स'मध्ये एसच्या आधी वर जो तुरा तुम्ही दिला आहे, तो काढा. Yours हा शब्द तुऱ्याशिवायच असतो. पुस्तकातच चुकीचा छापला असेल तर आश्चर्य नाही, तुमच्या धंद्यात तुम्ही यापेक्षा मोठे मुद्रणदोष पाहिले असतील.

आता मुलाकडे येऊ.

तुम्ही धरून चालला आहात की तो इंग्रजीमुळे अडला. असेलही. पण तीन वर्षं त्यानं डिप्लोमाची इंग्रजी पुस्तकं वाचली, जर्नल लिहिलं, रिपोर्ट लिहिला. अशा मुलाला सहा ओळी लिहिता येत नाहीत असं मला वाटत नाही. माझ्याकडे रुजू झालेल्या पोरांना मी नंतर कधीतरी विचारायची की पहिला ईमेल पाठवायला किती दिवस लागले. 'मॅडम, महिना' म्हणणारे बरेच होते. का, तर दोन उत्तरं यायची. एक, 'आपल्याजवळ लिहायसारखं काहीच नव्हतं.' दोन, 'एकदा गेला की परत घेता येत नाही ना.' इंग्रजी तिसऱ्या नंबरावर असायचं. तेव्हा आधी त्याला एवढंच विचारा, 'कोणत्या ओळीवर थांबलास?' ड्राफ्ट दाखव म्हणू नका. ओळ सांगितली की अडचण कुठली ते कळेल.

त्याच्या 'राहू द्या ना'चंही तुम्ही मनाला लावून घेतलं आहे. मला ते वेगळं ऐकू येतं. बापानं मध्यरात्री पाठ केलेली ४० वाक्यं समोर आली की पोराला ती वापरावी लागतात, नाही वापरली तर बापाचं मन मोडतं, आणि वापरावी तर त्याला माहीत आहे की ती आजच्या ईमेलमध्ये बसत नाहीत. बिचारा कात्रीत सापडला आहे. त्याला मोकळं करायचं तर एकदा स्वतःहून सांगून टाका की ही वाक्यं मी माझ्यासाठी शिकतो, तुझ्या ईमेलमध्ये तू ठरव ते जाईल.

तुमचं खरं काम वहीत नाही, पत्रात आहे. दोन ओळींत, जाता जाता लिहून गेलात तुम्ही ते. मशीनची मागची पट्टी गुण्यात नव्हती, ती त्यानं बसवली.

वाचकांसाठी थोडं सांगते. कागद कापायच्या मशीनमध्ये कागदाची थप्पी मागच्या एका पट्टीला टेकवतात. तिला बॅक गेज म्हणतात. चाक फिरवलं की ती पुढेमागे होते, आणि कागद किती कापायचा ते तिच्यावर ठरतं. ही पट्टी एका बाजूनं जरा पुढे आली की पातं कितीही धारदार असो, काप तिरका जातो, पत्रिकेच्या एका टोकाला समास कमी आणि दुसऱ्याला जास्त दिसतो. दोष नेमका कुठे आहे, पात्यात, दाबपट्टीत की मागच्या पट्टीत, हे आधी ओळखावं लागतं. मग बोल्ट सैल करून पट्टी काटकोनात आणायची, पुन्हा आवळायची, आणि एक कागद कापून तो उलटा फिरवून खालच्या कागदाशी ताडून बघायचा. दोन्ही कडा जुळल्या तर काम झालं.

डिप्लोमा ट्रेनी म्हणून घेताना कारखाना हेच तर शोधत असतो! बिघाड बघून कारण शोधणारा पोरगा. आणि मी पैजेवर सांगते, त्याच्या ड्राफ्टमध्ये ही ओळ नाही. 'आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सियर अँड पंक्चुअल' असेल. कारण पट्टी सरळ करणं त्याच्या लेखी बाबांच्या प्रेसमधलं घरचं काम आहे. ते काम आहे हे त्याला सांगणारा माणूस एकच, आणि तो तुम्ही. इंग्रजी येणाऱ्या कोणालाही ही ओळ सुचली नसती, कारण त्या दिवशी मशीनजवळ ते नव्हते.

तर असं करा. एका संध्याकाळी, जेवणाआधी, अर्धा तास काढा. वही तुमच्या हातात, मोबाइल त्याच्या. इंग्रजी अजिबात नाही, मराठीतच विचारा, आणि तो बोलेल ते तुम्ही मराठीत लिहून घ्या. कोणत्या कामासाठी लिहितोस? ते तुला कुठून कळलं? शिक्षण काय, कधी संपलं? हाताने काय केलंस? या शेवटच्या प्रश्नावर वेळ घालवा. हिंगण्याला सहा आठवडे कोणत्या मशीनवर होतास, तिथे काय मोजलंस, काय बिघडलं होतं? आणि पट्टीचं, नीट खोदून विचारा. तुला कसं कळलं की पातं ठीक आहे? किती तिरकं जात होतं, दोन मिलिमीटर की चार? काय सैल केलंस? बरोबर झालं हे कशावरून ठरवलंस? ही उत्तरं सगळी ईमेलमध्ये जाणार नाहीत, एक ओळच जाईल. पण मुलाखतीत ती ओळ वाचून समोरचा माणूस हेच चार प्रश्न विचारणार आहे, आणि त्यांची उत्तरं तो घरी, मराठीत, तुमच्यासमोर एकदा देऊन बसलेला असेल.

मराठी उत्तरांवरून त्यानं इंग्रजी लिहावं. एका उत्तराचं एक छोटं वाक्य. मी लिहिलं असतं तर साधारण असं झालं असतं:

```
Subject: Application for Diploma Trainee (Mechanical)

Dear Sir or Madam,

I am applying for the Diploma Trainee post displayed
on our college notice board. I completed my Diploma
in Mechanical Engineering in 2025.

I did six weeks of training in Hingna. I also reset
the back gauge of a paper-cutting machine that was
cutting out of square.

I have attached my resume. I can come for an interview
on any working day.

Thank you.
```

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. बस. पट्टीच्या वाक्यात शेवटी जे 'आउट ऑफ स्क्वेअर' आहे, ते म्हणजेच तुमचं 'गुण्यात नसणं'. सुताराच्या गुण्याला इंग्रजीत स्क्वेअर म्हणतात, म्हणून तिरक्या कापाला आउट ऑफ स्क्वेअर. हा एक शब्द वहीत जरूर लिहा, तुमच्याच कामाचा आहे. हिंगण्याच्या ओळीत मात्र त्यानं मशीनचं नाव घालावं, लेथ असेल तर लेथ. मला माहीत नव्हतं म्हणून मी ती ओळ बोथट ठेवली आहे. हा नमुना जसाच्या तसा उतरवू नका, वाचणाऱ्या इतरांनाही सांगते. एकदा एकाच कॉलेजमधून एकाच दिवशी पाच ईमेल आले, शब्दन् शब्द सारखे. झेरॉक्सच्या दुकानातून तयार मजकूर घेतला होता. पाचव्यात खाली सही दुसऱ्याच पोराची राहून गेली होती. पाचही बाजूला पडले, आणि त्यांच्यात एखादा तुमच्या मुलासारखा असणारच, तो आम्हाला कळलाच नाही.

वरची Subject ओळ रिकामी सोडू नका. यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती अजून सलते. एका मुलाचा ईमेल विषयाशिवाय आला होता. जाहिरातींच्या ढिगात तो खाली गेला, आणि मी उघडला तोवर जागा भरली होती. आत बघते तर पोरानं गावातल्या राइस मिलच्या पट्ट्याचं काम स्वतः केलेलं. आम्हाला नेमका तसाच माणूस पाहिजे होता. त्याला फोन केला तेव्हा तो दुसरीकडे लागला होता, एवढंच समाधान.

एखाद्या इंग्रजी येणाऱ्याला दाखवावं का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. दाखवा, पण सगळ्यात शेवटी. कॉलेजमधले नोकऱ्यांचं काम बघणारे टीपीओ सर असतील, शेजारची बँकेत जाणारी मुलगी असेल. आधीच त्यांच्याकडे गेलात तर ते आपलं सराईत इंग्रजी लिहून देतील, मुलाखतीत मुलाचं बोलणं त्याच्याशी जुळणार नाही आणि ते लगेच लक्षात येतं. तयार मजकूर घेऊन जा आणि एवढंच विचारा, 'कुठे अर्थ चुकतो का?' आणि टीपीओ सरांना फोन केलाच, तर ती जागा अजून आहे ना हेही विचारून घ्या, तीन आठवडे झालेत. भरली असं कळलं तरी पाठवाच. ट्रेनी पोरं महिन्या-दोन महिन्यांत सोडून जातात आणि जुने ईमेल पुन्हा उघडले जातात. मी कितीदा उघडले आहेत.

यानंतरचं काम मात्र मुलाकडून काढून तुमच्याकडे देते. त्यात तुमच्याइतका तयार माणूस घरात दुसरा नसेल.

तुम्ही खिळे जुळवलेत. इंग्रजी व्हिजिटिंग कार्डंही जुळवली असणार, अर्थ कळो न कळो. मूळ कागद डाव्या हाताला, बोटांनी एकेक खिळा उचलायचा, आणि तोही उलट्या आरशातला. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो आणि चूक सुटते. अर्थ न कळणाराच अक्षर न् अक्षर बघतो. म्हणून कंपनीचा ईमेल पत्ता तुम्ही तपासा. मुलानं बोर्डाचा फोटो काढला असेलच, तो एका मोबाइलवर आणि ईमेल दुसऱ्यावर, शेजारी शेजारी ठेवा. शेवटच्या अक्षरापासून सुरू करून मागे मागे या. आर आणि एन जवळ आले की एमसारखे दिसतात. छोटा एल आणि एक हा आकडा सारखे दिसतात. ओ आणि शून्य सारखे. टिंब आहे की खालची रेघ, शेवटी .com आहे की .co.in, ते बघा. कंपनीचं नाव तसंच तपासा, आणि सहीखालचा मोबाइल नंबर एकाने वाचायचा, दुसऱ्याने रेझ्युमेतला बघायचा. पत्ता चुकला तर बहुधा काही मिनिटांत Address not found असा ईमेल परत येतो. पण चुकीचा पत्ता दुसऱ्याच कोणाचा निघाला तर काहीच परत येत नाही, आणि पोरगा महिनाभर वाट बघत बसतो की त्यांनी उत्तर का दिलं नाही.

पत्ता सगळ्यात शेवटी टाकायला सांगा. आधी फाइल जोडायची, मग मजकूर, मग विषय, मग To मध्ये पत्ता. पत्ताच नाही तर बोट लागून अर्धवट ईमेल जायची भीती नाही. रेझ्युमे एकच पीडीएफ असावा, फाइलच्या नावात मुलाचं नाव असावं. मोबाइलनं काढलेले गुणपत्रिकांचे आठ फोटो सुटे पाठवू नयेत, मागितल्या की द्याव्यात. जोडल्यावर ती फाइल तिथूनच एकदा उघडून बघावी. जुनीच जोडली गेलेली मी पुष्कळदा पाहिली. आणि ज्या पत्त्यावरून पाठवायचं तो शाळेत असताना काढलेला 'रॉयल बॉय' वगैरे नको, आपल्या नावाचा नवा काढावा, दहा मिनिटांचं काम आहे.

'परत घेता येत नाही' या भीतीवर जीमेलमध्ये थोडा उपाय आहे. Send दाबल्यावर काही सेकंद खाली Undo दिसतं. सुरुवातीला ते पाच सेकंदच असतं, कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये जाऊन तीस सेकंदांपर्यंत वाढवता येतं. पाठवायच्या आधी वाढवून ठेवा. तीस सेकंद पुरे आहेत, फाइल राहिली हे Send दाबल्या दाबल्याच आठवतं.

Send त्यानंच दाबावं. तुम्ही शेजारी बसा.

आता तुमच्या वहीचं. शिकणं थांबवू नका. ईमेलची वाक्यं तुम्हाला लागणार नाहीत, पण वेगळी काही लागतील. मुलाच्या रेझ्युमेत दुसरा नंबर कोणाचा दिला आहे ते बघा. बहुतेक घरांत तो वडिलांचा असतो. म्हणजे मुलाचा फोन लागला नाही तर कंपनीतून तुम्हाला फोन येणार, आणि तुम्ही तेव्हा मशीनजवळ असणार. बोलणारी मुलगी बहुधा हिंदीत बोलेल, कदाचित मराठीतही, मी तर मराठीतच बोलायची. पण सुरुवात पुष्कळदा इंग्रजीत होते, आणि त्या पहिल्या वाक्यालाच घाबरून फोन कट करणारे वडील मी अनुभवले आहेत. दुसऱ्यांदा लावला की उचलायचेच नाहीत. त्या पोरांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

म्हणून नवीन पान घ्या आणि त्यावर दोनच वाक्यं लिहा. 'येस, आय ॲम हिज फादर.' आणि 'वन मिनिट प्लीज', म्हणजे मशीन बंद करून बाहेर येता येईल. बाहेर आलात की बिनधास्त म्हणा, 'हिंदी में बोलिए, मैं लिख लेता हूँ.' त्यात काहीही कमीपणा नाही, फोन करणाऱ्यालाही हायसं वाटतं. त्याखाली चार रिकाम्या ओळी आखून ठेवा: कंपनीचं नाव, बोलणाऱ्याचं नाव, परत कोणत्या नंबरवर फोन करायचा, कधी आणि कुठे यायचं. फोन ठेवायच्या आधी नंबर एकदा वाचून दाखवा. ते पान घडी करून शर्टाच्या खिशात ठेवा, सोबत पेन, आणि मोबाइल कंपनावर न ठेवता आवाजावर. मशीनच्या आवाजात कंपन कळत नाही.